वार खाली आहे, तपासणी कुणाकडे चालू ठेवायची?

रानवारा: बायकोच्या सोनोग्राफीत वार खाली असल्याचं आलंय. तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, सिझेरियनची तयारी ठेवा. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, सरकेल वर, माझ्याकडेच दाखवत राहा. उपकेंद्रातल्या नर्सताई बीपी बघतात, गोळ्या देतात. नक्की कुणाकडे जाऊ? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं का? लवकर सांगा.

मेघना_का: कितवा आठवडा? गर्भाशयाच्या तोंडापासून वारेचं अंतर किती लिहिलंय? रक्त जातंय का?

शिवार७: एवढ्यात घाबरू नका. पाचव्या महिन्यात कित्येकींची खाली असते, नंतर वर जाते. डॉक्टर बदलत बसू नका.

लंडनची_सून: इथे इंग्लंडात तर सगळं मिडवाइफच बघते. तुमच्या नर्सताई पुरेशा आहेत.

मेघना_का: तिथेही वार खाली दिसली की मिडवाइफ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते आणि ३२व्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी होते. अर्धंच सांगू नका.

वैद्यमामा: लोहाची गोळी चहाबरोबर नको. कॅल्शियमची वेगळ्या वेळी घ्या.

रानवारा: २२वा आठवडा. अंतर १४ मिमी. रक्त नाही. पहिलं सिझेरियनच होतं, तीन वर्षांपूर्वी.

मेघना_का: हे आधी सांगायला हवं होतं! पहिलं सिझेरियन नसतं तर शिवार७ यांचं बरोबर होतं. गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो तशी वार तोंडापासून लांब जाते, आणि २० मिमीच्या पुढे गेली की नॉर्मलचा विचार करता येतो. पण जुन्या टाक्यांच्या जागी वार बसली असेल तर ती स्नायूत रुतू शकते. मग बाळ आल्यावर सुटत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही. रिपोर्टात वार पुढच्या भिंतीला आहे की मागच्या?

रानवारा: पुढच्या.

मेघना_का: मग दुसरं मत आत्ताच घ्या, आणि तेही रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं. जुन्या टाक्यांची जागा डॉपलर सोनोग्राफीने खास बघायला सांगा. योनीमार्गातून सोनोग्राफी करू म्हणाले तर नाही म्हणू नका. अंतर त्यातच नीट कळतं आणि वारेला धक्का लागत नाही. पहिल्या ऑपरेशनचे कागद बरोबर न्या. बीपी, हिमोग्लोबिन, वजन नर्सताईंकडे आणि फॅमिली डॉक्टरांकडे चालू राहू दे. बाळंतपण कुठे आणि कसं, हे मात्र त्यांच्यावर सोडू नका.

शिवार७: मोठ्या सरकारी दवाखान्यात दिवस जातो. २८व्या आठवड्यापर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

मेघना_का: रुतल्याच्या खुणा आताही दिसू शकतात, थांबून काय मिळणार? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथून वर पाठवणीची चिठ्ठी मागा.

शिवार७: आमच्याकडे ९ला डॉक्टर असतीलच असं नाही.

रानवारा: ९ला अजून बारा दिवस आहेत. तोवर रक्त दिसलं तर?

मेघना_का: दुखत नसलं तरी लगेच निघा, १०८ ला फोन करा. वार खाली आहे हे गेल्या गेल्या सांगा, म्हणजे कुणी बोटाने आतून तपासणार नाही. त्याने रक्त वाढतं. तिचा रक्तगट माहीत आहे का? हिमोग्लोबिन किती?