लॉगिनवर आयपीची मर्यादा: ठेवायची की काढायची?

मलप्रभाकाठ: आमची पतसंस्था. मुख्य कचेरी बेळगावात, शाखा खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगडला. सकाळी दहाला कचेरीतल्या सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं की निम्म्यांना 503 येतो. संध्याकाळी पिग्मी एजंट मोबाइलवरून भरणा चढवायला बसले की त्यांनाही तेच, नाहीतर कॅप्चावर कॅप्चा. सर्व्हर मात्र निवांत असतो. सॉफ्टवेअरवाल्याने nginx मध्ये आयपीमागे मिनिटाला दहाची मर्यादा घातलीय. माझं मत, लॉगिनवरून ती काढूनच टाकावी. तुमचं काय?

निपाणीकर: हा सीमाभागाचा खेळ आहे ओ. सिम कर्नाटकातलं, टॉवर कागलकडचा. घडीत बेंगळुरू दाखवतो, घडीत मुंबई. सिस्टीमला वाटतं कुणीतरी चोर घुसतोय. सगळ्या एजंटांना व्हीपीएन घालून द्या, पत्ता एकच राहील, विषय मिटला.

उद्यमबाग_रात्रपाळी: निपाणीकर, जागा बदलली म्हणून अडवणारे नियम असतात हे खरं, कॅप्चाला ते कारण असूही शकतं. पण मग बेळगावच्या कचेरीतल्या टेबलावरच्या पीसीला 503 का यावा? तो तर कुठं हलत नाही. आणि पत्ता एकच झाला की प्रश्न मिटत नाही, उलट तिथूनच सुरू होतो.

मलप्रभाकाठ, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने बहुतेक नुसतं rate=10r/m लिहून सोडलंय. याचा अर्थ मिनिटात कधीही दहा चालतील असा तो समजला असणार. nginx तसं मोजत नाही. तो मिनिटाचे भाग पाडतो आणि दर सहा सेकंदांना एक विनंती आत घेतो. burst, म्हणजे एकदम आलेल्या जादा विनंत्यांसाठीची सूट, दिलेला नसेल तर सहा सेकंदांच्या आत आलेली दुसरी विनंती सरळ बाहेर. नकार देतानाचा त्याचा ठरलेला आकडा 503, म्हणून लोकांना सर्व्हर पडला असं वाटतं.

आता तुमची सकाळ बघा. समजा चाळीस टेबलं आहेत, सगळी एकाच ब्रॉडबँडच्या मागे, म्हणजे बाहेरून एकच पत्ता. प्रत्येकाने लॉगिनचं पान उघडायची एक विनंती आणि पासवर्ड पाठवायची दुसरी. ऐंशी झाल्या. सहा सेकंदांना एक, म्हणजे सगळे शिस्तीत रांगेत उभे राहिले तरी आठ मिनिटं. पण रांग कुठं असते? पान उघडलेला पासवर्ड टाइप करतो, तेवढ्यात शेजारचा रिफ्रेश मारून त्याची जागा घेतो, आणि पहिल्याला पासवर्ड पाठवताना 503. तो पुन्हा पहिल्यापासून. म्हणून साडेदहापर्यंत गोंधळ चालतो. एक बरं, नाकारलेली विनंती पुढच्या हिशोबात धरली जात नाही, त्यामुळे रिफ्रेश मारल्याने शिक्षा वाढत नाही. फक्त एकमेकांची जागा खाल्ली जाते.

अंदाजावर जाऊ नका, error.log मध्ये "limiting requests" शोधा. सापडलं तर चोर घरातलाच.

शहापूरचा_बाब्या: निदान पटलं, पण म्हणून मर्यादा काढा म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. मी एका शिक्षणसंस्थेची साइट सांभाळतो. लॉगिनवर आयपीची मर्यादा नव्हती तेव्हा रात्री कुणीतरी एका पत्त्यावरून पासवर्ड मारत बसला. आत कुणी शिरलं नाही, पण सर्व्हर झोपला. पासवर्ड तपासणं स्वस्त नसतं. bcrypt मुद्दाम हळू बनवलेलं आहे, कॉस्ट १२ ठेवली तर साध्या मशिनवर एका तपासणीला पाव सेकंदाच्या आसपास प्रोसेसर जातो. दोन कोरच्या भाड्याच्या सर्व्हरला सेकंदाला आठ-दहा पासवर्ड पाठवले की तो गुडघ्यावर येतो. ही गर्दी पासवर्ड तपासायच्या आधीच थोपवायला हवी, आणि तिथं हातात आयपीशिवाय काय असतं?

चव्हाट_गल्ली: मध्येच बोलते, माफ करा. कॅप्चा म्हणजे ती वाकडी अक्षरं ना? मला एका सरकारी पोर्टलवर उतारा काढायचा होता. शून्य की ओ, एक की एल, काही कळेना. मुलगा आला तेव्हा उतारा निघाला. अक्षरं मोठी करा म्हणून कुणाला सांगायचं?

उद्यमबाग_रात्रपाळी: काकू, तुमची तक्रार वेगळी आहे, पण एजंटांना ती लागू पडते. दुकानाच्या पायरीवर बसून, चष्मा वर करून भरणा चढवणाऱ्या माणसाला रोज ट्रॅफिक लाइटची चित्रं निवडायला लावणं ही सुरक्षा नव्हे, छळ आहे. कॅप्चा लावायचाच तर एकाच खात्यावर दोन-चार चुका झाल्यावर लावावा, पत्ता आवडला नाही म्हणून नव्हे.

बाब्या, तुमचा मुद्दा मान्य. मी मर्यादा काढा म्हणणाऱ्यांतला नाही. माझं भांडण एका मर्यादेला दोन कामांना जुंपण्याशी आहे. सर्व्हर झोपू नये हे एक काम. पासवर्ड ओळखू देऊ नये हे दुसरं. पहिल्याला आयपी चालतो, फक्त आकडा चाळीस टेबलांची कचेरी मावेल एवढा हवा आणि मोजणी पासवर्ड पाठवण्याचीच हवी, पान उघडण्याची नको:

```
map $request_method $login_key {
    default "";
    POST    $binary_remote_addr;
}
limit_req_zone $login_key zone=login:10m rate=60r/m;
limit_req_status 429;

location = /login {
    limit_req zone=login burst=40 nodelay;
    # proxy_pass वगैरे नेहमीचं
}
```

वरचे दोन भाग http मध्ये, location सर्व्हरच्या ब्लॉकमध्ये. किल्ली रिकामी असली की nginx ती विनंती मोजतच नाही. चाळीस जण एका दमात आले तरी आत जातील, आणि रात्रभर पासवर्ड मारणारा सेकंदाला एकावर अडकेल. तुमच्या bcrypt ला तेवढं झेपतं. नकाराला 429 आला की एजंटाचं ॲप "थोडं थांबा" असं सरळ दाखवू शकतं.

दुसरं काम आयपीने होतच नाही. चोरलेल्या पासवर्डांच्या याद्या घेऊन येणारे आता एका पत्त्यावरून येत नाहीत. हजारो घरगुती पत्ते भाड्याने घेतात आणि एका पत्त्यावरून एक-दोनदाच ठोठावतात. मिनिटाला दहाची मर्यादा त्यांना दिसतही नाही. ती फक्त तुमच्या कॅशियरला दिसते.

निपाणीकर: बरं, कचेरीचं समजलं. पण एजंट तर वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या फोनवर. त्यांचा पत्ता एक कसा होईल?

उद्यमबाग_रात्रपाळी: मोबाइल कंपनीकडे जुन्या धर्तीचे पत्ते पुरेसे नाहीत, म्हणून ती शेकडो ग्राहकांना बाहेर एकाच पत्त्यामागे बसवते. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा पत्ता बघा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंतचा असेल तर तो त्याच कामासाठी २०१२ साली राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आहे. 10 ने सुरू झाला तरी अर्थ तोच. म्हणजे तुमचा खानापूरचा एजंट, कुणी अनोळखी कॉलेजचा पोरगा आणि व्हायरस घुसलेला कुणाचा तरी फोन, तिघंही सर्व्हरला एकच दिसतात. त्या तिसऱ्याने दंगा केला की पट्टी तुमच्या एजंटाला.

व्हीपीएन तुमच्याच कचेरीचा असेल तर तो पत्ता मोकळा सोडता येतो, तेवढं तुमचं बरोबर. बाजारातला फुकटचा घेतलात तर कॅप्चा दुप्पट. आणि कचेरीचा असला तरी एजंटांच्या फोनवर तो रोज चालू राहतोय का, हे बघणार कोण?

त्यापेक्षा सर्व्हरला आयपीव्ही६ चा पत्ता द्या. बरेच फोन त्यावरून स्वतःच्या पत्त्याने येतील आणि या गर्दीतून सुटतील. पण तिथं अख्खा पत्ता मोजू नका, पहिले ६४ बिट मोजा. एका ग्राहकाला तेवढा अख्खा पट्टा मिळालेला असतो, तो दर विनंतीला नवा पत्ता घालून येऊ शकतो. वरचा $binary_remote_addr अख्खाच पत्ता धरतो, तेव्हा तिथं ती किल्ली बदलावी लागेल.

शहापूरचा_बाब्या: आणि पासवर्डच्या चुका खात्यामागे मोजायच्या, असंच ना पुढं? पाच चुकांवर खातं बंद? मग ऐका. पतसंस्थेत एजंट कोड कसे असतात? १०१, १०२, १०३. कुणा चिडक्याने सगळे कोड घेऊन प्रत्येकी पाच चुकीचे पासवर्ड मारले की संध्याकाळी एकही एजंट आत येणार नाही. आयपीच्या मर्यादेने निदान एकच कचेरी अडकते, तुमच्या उपायाने संस्थाच बंद.

उद्यमबाग_रात्रपाळी: खरी अडचण आहे ही. म्हणून नुसतं खातं मोजायचं नाही. एकदा नीट लॉगिन झालेल्या फोनवर त्या खात्यापुरती एक सही केलेली कुकी ठेवायची. ती घेऊन आलेल्याच्या चुका वेगळ्या मोजायच्या, कुकीशिवाय आलेल्या अनोळखींच्या वेगळ्या. चिडक्याने १०३ बंद पाडला तरी तो अनोळखींसाठी बंद होतो. एजंटाचा रोजचा फोन चालूच राहतो.

शहापूरचा_बाब्या: आणि एजंटाने नवा फोन घेतला त्याच दिवशी?

उद्यमबाग_रात्रपाळी: त्या दिवशी ओटीपी, नाहीतर शाखेत फोन. पण ते एका माणसाचं एका दिवसाचं दुखणं. तुमच्याकडे रोज सगळ्यांचं आहे.

शहापूरचा_बाब्या: सांगायला सोपं. ओटीपी म्हणजे एसएमएसचा खर्च, आणि जंगलाकडच्या गावात रेंज नसते. कुकी सही करणारा कोड लिहिणार कोण? त्या सॉफ्टवेअरवाल्याला burst माहीत नव्हता. मी म्हणतो आकडा वाढवा, कचेरीचा पत्ता मोकळा सोडा, बाकी आहे तसं राहू द्या.

मलप्रभाकाठ: लॉग काढला. सकाळी दहाच्या सुमारास अशा ओळींची रांगच आहे (पत्ता बदललाय):

```
limiting requests, excess: 0.834 by zone "login", client: 203.0.113.7, request: "POST /login HTTP/1.1"
```

संध्याकाळी client बदलतो, पण तेच चार-पाच पत्ते पुन्हा पुन्हा येतात.

उद्यमबाग_रात्रपाळी: 0.834 म्हणजे आधीच्या विनंतीनंतर एका सेकंदात दुसरी आली. सहा सेकंदांतला एकच सरला होता. burst शून्य आहे हे नक्की.

मलप्रभाकाठ: मग वरचं आधी घालायला सांगतो. कचेरीचा पत्ता मोकळा सोडायचं म्हणाल तर आमच्या ब्रॉडबँडचा पत्ता राउटर बंद-चालू केला की बदलतो, आणि इथं वीज जाते तेव्हा तो बंद पडतोच. स्थिर पत्त्याचे वेगळे पैसे संचालक मंडळापुढं मांडावे लागतील. आणि कॅप्चा आमचा नाहीच म्हणे, पुढं बसवलेल्या सेवेचा आहे. तो नुसत्या लॉगिनच्या मार्गावरून काढता येतो का, कुणी केलंय?