आठवीच्या तक्त्यातले दोन खांब

मेधा (ए-४): मुलांनी 'धर्म आणि दान' तक्त्यात मुस्लिमांची जकात अडीच टक्के आणि शिखांचा दसवंध दहा टक्के असे खांब शेजारी काढलेत. खाली लिहिलंय, "शीख चौपट देतात." शबानाताई, बघाल का?

शबाना (बी-२): खांब पुसायला सांगा. दसवंध कमाईवर असतो, जकात वर्षभर हाताशी राहिलेल्या शिलकीवर. समजा घरात वर्षाला ६ लाख येतात. दसवंध झाला ६०,०००. जकातीला ते ६ लाख बघायचेच नाहीत. बँकेत ३ लाख आहेत, ४०,००० उसने लगेच फेडायचेत, तर उरले २,६०,०००. त्याचे अडीच टक्के म्हणजे ६,५००. मुलं पगारावर अडीच टक्के काढून १५,००० लिहितात, तिथेच गणित चुकतं.

परबकाका (सी-१): आणि शिल्लक अगदीच थोडी असली तर?

शबाना (बी-२): मग जकात लागू नाही, काका. त्या किमान मर्यादेला निसाब म्हणतात. चांदीने मोजली तर साधारण ६१२ ग्रॅम. उदाहरणापुरता ग्रॅमला २०० रुपये भाव धरला, तर १,२२,४०० रुपये. भाव त्या दिवशीचाच घ्यायचा. अंगावरचे दागिने धरायचे का, यावर मात्र पंथांत मतभेद आहेत. हनफी धरतात, शाफई नेहमीच्या वापरातले सोडतात.

मेधा (ए-४): वर्ष जानेवारी ते डिसेंबर ना?

शबाना (बी-२): नाही, चांद्रवर्ष, सुमारे ३५४ दिवसांचं. इंग्रजी तारीख धरून बसलं तर दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात आणि तेहतीस-एक वर्षांत एक जकात बुडते.

फर्नांडिस सर (ए-१): आमच्याकडे कॅथलिकांना ठरलेला टक्का नाही. दशमांश जुन्या करारातला. आजच्या चर्च कायद्याचं कलम २२२ दोन कर्तव्यं सांगतं, चर्चच्या गरजा भागवणं आणि गरिबांना मदत करणं. त्यामुळे आयताराच्या मिसाला पेटीत पडलेला सगळा पैसा भिक्षादान म्हणून मोजू नये, त्यातून चर्चचा खर्चही निघतो. करेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, उपास, प्रार्थना आणि दान अशी तिन्ही सांगितलेली असतात.

परबकाका (सी-१): गीतेतही आकडा नाही. १७.२० मध्ये देश, काळ आणि पात्र बघून, परतफेडीची आशा न धरता द्यावं, एवढंच. मुलं सगळ्या धर्मांना टक्क्यांच्या रकान्यात कोंबायला जातात, तेव्हा आमचा रकाना रिकामा दिसतो!

मेधा (ए-४): मग रकाने असे करते: कशावर, कधी, कोणाला.

शबाना (बी-२): 'कोणाला नाही' हाही घाला. कुराणात (९.६०) जकातीचे आठ हक्कदार दिलेत. गरीब भावाला चालते, पण आई-वडिलांना आणि मुलांना नाही, कारण त्यांना पोसणं आधीच आपल्यावर आहे. मशिदीच्या बांधकामालाही बहुतेक मौलवी जकात लावू देत नाहीत, त्यासाठी वेगळी देणगी काढावी लागते.