मदत हवी आहे: कॅमेरा लावला की ड्रोन २३ मिनिटांवरून १४ वर येतो, हिशेब कुठे चुकतोय?

सांवेर_रोड (इंदूर)
नमस्कार मंडळी. घरी जोडलेला क्वाडकॉप्टर आहे. ४५० ची फ्रेम, १० इंची पंखे, ४एस ५००० एमएएचची लायपो बॅटरी. बॅटरीसकट वजन १.४ किलो. सांवेरजवळ मित्राचं सोयाबीनचं शेत आहे, तिथे पिवळं पडलेलं पीक नेमकं कुठे आहे ते वरून टिपायचंय. त्यासाठी कॅमेरा आणि गिंबल मिळून ४०० ग्रॅम वजन लावलं.

कॅमेऱ्याशिवाय हॉवर करताना स्क्रीनवर साधारण १५० वॅट दिसतात आणि अलार्म वाजेपर्यंत २३ मिनिटं मिळतात. बॅटरी १४.८ × ५ म्हणजे ७४ वॅट-तासांची. त्यातले ८० टक्के वापरले तर ५९. भागिले १५०, म्हणजे साडेतेवीस मिनिटं. इथवर सगळं जुळतं.

कॅमेऱ्यासकट वजन १.८ किलो, म्हणजे २९ टक्के जास्त. त्या हिशेबाने १९३ वॅट लागावेत आणि १८ मिनिटं मिळावीत. प्रत्यक्षात १४ मिनिटांतच अलार्म वाजतो. वारा नव्हता, पंखे नवे आहेत. ही चार मिनिटं जातात कुठे?

बडोदेकर७
इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आमचं बडोदं जवळजवळ सपाटीला. तुमच्याकडे हवा विरळ, त्यामुळे पंख्यांना जास्त जोर लावावा लागतो. वजनाचा तुमचा हिशेब बरोबर आहे, उरलेला फरक उंचीचा. इकडे आणून उडवा, १८ मिनिटं नक्की मिळतील.

लग्नफोटोवाला
माझंही हेच रडगाणं आहे. माझा तयार घेतलेला छोटा ड्रोन आहे, खोक्यावर ३० मिनिटं लिहिलंय. वरातीवर एका जागी धरून ठेवला की २१-२२ मिनिटांत परत ये म्हणून ओरडायला लागतो. मी तर काहीच लावलेलं नाही त्याला. बॅटरी खराब दिली असेल का?

जुना_एरोमॉडेलर
लग्नफोटोवाले, तुमचा प्रश्न वेगळा आहे, आधी तो मिटवतो. खोक्यावरचा आकडा सहसा वारा नसताना, एका ठरावीक वेगाने पुढे जात, बॅटरी पार संपेपर्यंतचा असतो. मध्यम वेगाने पुढे जाताना पंख्यांना सतत ताजी हवा मिळते आणि हॉवरपेक्षा कमी वॅट लागतात. तुम्ही एका जागी उभा ठेवता आणि थोडी बॅटरी राखून उतरवता. २२ मिनिटं ठीक आहेत, बॅटरीला दोष देऊ नका.

आता सांवेर_रोड. उंचीचा परिणाम असतो, बडोदेकरांचं तेवढं खरं आहे. पण पावसाळ्यातल्या इंदूरच्या हवेचा हिशेब केला तर फरक जेमतेम पाच टक्क्यांचा निघतो. शिवाय तुमचे १५० वॅट इंदूरलाच मोजलेत, म्हणजे विरळ हवा त्या आकड्यात आधीच धरली गेलीय. ती दोनदा मोजायची नाही.

चूक २९ टक्क्यांत आहे. ड्रोन हवा खाली ढकलून वर राहतो. पंखे तेच ठेवून जास्त वजन उचलायचं तर तीच हवा जास्त वेगाने ढकलावी लागते, आणि लागणारी शक्ती म्हणजे जोर गुणिले हवेचा वेग. तुमचा जोर १.२९ पट झाला. वेग त्याच्या वर्गमुळाएवढा वाढतो, म्हणजे १.१३ पट. दोन्हींचा गुणाकार १.४६. म्हणून १५० चे १९३ होत नाहीत, सुमारे २१९ होतात. वजन वाढलं २९ टक्के, वॅट वाढले ४६ टक्के.

५९ भागिले २१९ म्हणजे सोळा मिनिटं. तुमच्या चारपैकी दोन मिनिटं इथे सापडली. उरलेल्या दोनांसाठी मला सांगा: दोन्ही उड्डाणांनंतर चार्जरने किती एमएएच परत भरले? अलार्म किती व्होल्टला लावलाय? आणि उतरल्यावर मिनिटभराने व्होल्टेज किती दिसतं?

सांवेर_रोड
काका, काल दोन्ही प्रकारे उडवून पाहिलं. रिकाम्या उड्डाणानंतर चार्जरने ३९५० भरले, कॅमेऱ्यासकट ३४५०. स्क्रीनवर २१५ ते २२० वॅट दिसत होते, म्हणजे तुमचं गणित बरोबर निघालं. अलार्म १४ व्होल्टला आहे. कॅमेऱ्यासकट उतरवल्यावर बॅटरी पुन्हा १४.७ पर्यंत चढली.

जुना_एरोमॉडेलर
मग दोन मिनिटंही सापडली. ३४५० एमएएच म्हणजे ५१ वॅट-तास. ५१ भागिले २१९ म्हणजे बरोबर १४ मिनिटं.

बॅटरी रिकामी झालेली नव्हती, अलार्म लवकर वाजला. आधी दहा अँपिअर ओढत होतात, आता पंधरा. बॅटरीला आतला रोध असतो, प्रवाह जितका जास्त तितकं व्होल्टेज भाराखाली खाली दबतं. ओझं उतरलं की ते परत वर येतं. तुमचं ०.७ व्होल्टने वर आलं, हीच त्याची खूण. म्हणजे वजनाने दोन्हीकडून कापलं: वॅट वाढवले आणि वापरता येणारे वॅट-तासही कमी केले. बॅटरी जुनी असेल तर हे आणखी जास्त होतं.

अलार्म थोडा खाली आणता येईल, पण १३.६ च्या खाली नको. शेवटी शेवटी व्होल्टेज इतकं झपकन पडतं की परत यायलाही वेळ राहत नाही.

बडोदेकर७
वर्गमुळाची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, धन्यवाद. मग सरळ दुसरी बॅटरी का लावू नये? वॅट-तास दुप्पट, वेळ दुप्पट.

जुना_एरोमॉडेलर
दुप्पट होत नाही, कारण बॅटरीचंही वजन उचलावं लागतं. अशी एक बॅटरी अर्ध्या किलोची. एकूण वजन २.३ किलो, वॅट सुमारे ३१५. वापरता येणारे वॅट-तास ११८ धरले तर साडेबावीस मिनिटं. दोन बॅटऱ्यांत प्रवाह वाटला गेल्याने व्होल्टेज कमी दबेल, तेवढा फायदा आहे.

पण मला भीती मोटरींची वाटते. एका मोटरचा कमाल जोर किती?

सांवेर_रोड
तक्त्यात ९०० ग्रॅम दिलाय.

जुना_एरोमॉडेलर
मग चारींचा मिळून ३.६ किलो. १.८ किलोला तो दुप्पट पडतो, चालेल. २.३ किलोला दीडपटीच्या थोडाच वर. वाऱ्याचा झोत आला की सावरायला जोर उरणार नाही आणि कॅमेऱ्यासकट शेतात आपटेल. मी तर लावणार नाही. आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत २ किलोपर्यंत मायक्रो, त्यापुढे स्मॉल. वजन सामानासकट मोजतात, म्हणजे दुसऱ्या बॅटरीने तुम्ही वर्गच बदलता.

त्यापेक्षा वजन काढा. १०० ग्रॅम कमी केलेत तर सव्वा-दीड मिनिट परत मिळतं. शेताचा फोटो सरळ खालीच घ्यायचा आहे ना? मग तीन अक्षांचं गिंबल कशाला? रबरी बुशांवर कॅमेरा बसवा. ४५० च्या फ्रेममध्ये ११ इंची पंखेही मावतात, त्याने वॅट आठ-नऊ टक्के कमी व्हावेत. मात्र मोठा पंखा मोटर तापवतो. दोन मिनिटं हॉवर करून उतरवा आणि मोटरला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर पंखे परत १० इंची.

भंवरकुआँ_हॉबी
मी लिथियम-आयनच्या २१७०० सेलचा पॅक वापरतो, ४एस२पी. ५६० ग्रॅमच्या आसपास सेल आणि १४४ वॅट-तास. लायपोच्या जवळपास दुप्पट, वजन थोडंच जास्त. काका, याबद्दल काय म्हणता?

जुना_एरोमॉडेलर
हॉवरपुरते पंधरा अँपिअर तो पॅक देईल, एका सेलवर साडेसात येतात. पण एकदम थ्रॉटल दिला की काय होतं? आणि तो सेल लायपोपेक्षा बराच खालपर्यंत वापरायचा असतो, १४ व्होल्टचा अलार्म तसाच ठेवलात तर अर्धी बॅटरी आत असतानाच वाजेल.

भंवरकुआँ_हॉबी
अलार्म मी १२.४ ला ठेवलाय. पूर्ण थ्रॉटलचा लॉग कधी काढला नाही. माझ्या ड्रोनवर वजनही तुमच्यापेक्षा कमी आहे.

सांवेर_रोड
तो लॉग मिळाला तर इथे टाका, त्याशिवाय मी सेल घेणार नाही. रविवारी गिंबल काढून आणि ११ इंची पंखे लावून उडवतो. दोन्ही बदल एकदम करायचे की एकेक करून वॅट लिहायचे?

जुना_एरोमॉडेलर
एकेक. आधी गिंबल, मग पंखे. आणि प्रत्येक वेळी चार्जरचा आकडा लिहून ठेवा.