दहावीआधीची पालकसभा: मुख्याध्यापक काय म्हणाले आणि परीक्षेच्या दिवशी त्यातलं काय खरं ठरलं?

उंबरठा

लेक यंदा दहावीला (राज्य मंडळ). शाळेत नुकतीच पालकसभा झाली. मुख्याध्यापक बोलले बरंच, पण सत्कार, प्रास्ताविक आणि "तुमचं मूल म्हणजे आमचं मूल" यातच निम्मा वेळ गेला. शेवटी वेळा आणि नियम इतक्या घाईने सांगितले की शेजारच्या बाई मला विचारत होत्या, "साडेदहा म्हणाले की अकरा?"

ज्यांच्या घरची दहावी होऊन गेली त्यांनी लिहा. तुमच्या शाळेत या भाषणात काय सांगितलं होतं, आणि प्रत्यक्ष त्या दिवशी काय झालं? शिक्षक आणि निवृत्त मुख्याध्यापकांनीही लिहा. अभ्यास कसा करून घ्यावा हा विषय नको, त्यावर घरी पुरेसं चालू आहे.

जुना खडू

मी हे भाषण वर्षानुवर्षं केलं. आधी छापील वेळापत्रक वाचून दाखवायचो, पालक जांभया द्यायचे. मग वेळापत्रक सोडलं आणि गेटपासून सुरुवात करू लागलो. साधारण असं बोलायचो:

"पालकांनो, प्रश्नपत्रिका अकराला हातात पडते. पण तुमच्यापुरता पेपर साडेदहाचा. साडेदहाला मूल बाकावर बसलेलं पाहिजे, गेटवर तुमच्याकडून दही-साखर घेत उभं नको. गेटच्या आत गेलं की फळ्यावर बैठक क्रमांक पाहून आपला ब्लॉक शोधायचा. एका ब्लॉकमध्ये पंचवीस मुलं. कालचा ब्लॉक आजही तोच असेल असं धरू नका. पहिल्या भाषेला मराठीवाले एकीकडे, उर्दूवाले दुसरीकडे, इंग्रजीवाले तिसरीकडे. मग गणिताला सगळ्यांची पुन्हा नवी मांडणी. मागच्या वर्षी एक मुलगा कालच्याच बाकावर जाऊन बसला, बैठक क्रमांक जुळेना म्हणून रडवेला झाला. दोष त्याचा नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं."

हे ऐकलं की सभेत एकदम शांतता व्हायची, वह्या बाहेर यायच्या. दुसरं सांगायचो ते वेळापत्रकाचं. मोबाईलवर फिरणारी वेळापत्रकं कोणी कधी बनवली याचा पत्ता नसतो. मंडळाने शाळेला दिलेलं छापील वेळापत्रक अंतिम. ते घरात फ्रिजवर चिकटवा, आणि रोज आदल्या रात्री विषय, तारीख आणि सत्र तिन्ही वाचा. दुसरं सत्र तीनला सुरू होतं, म्हणजे मूल अडीचला आत. दुपारचा विषय असलेल्या मुलाला सकाळी पोचवणारे आणि सकाळचा विषय दुपारी समजणारे, दोन्ही प्रकारचे पालक मी पाहिले आहेत.

साखरवाडी

आमच्या सरांनी सगळं सांगितलं, एक सोडून. भाषेचा पेपर तीन तासांचा, पण गणित आणि विज्ञानाचे भाग चाळीस-चाळीस गुणांचे, दोन-दोन तासांचे. म्हणजे गणित भाग १ एक वाजून दहा मिनिटांनी सुटतो. मी भाषेच्या अंदाजाने दोनला पोचले. मोबाईल तर न्यायचाच नाही, त्यामुळे लेकाला मला कळवायची सोयच नव्हती. तो गेटजवळच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसलेला. रसवंतीवाले काका म्हणाले, "ताई, रोज चार-पाच मुलं अशी बसतात माझ्याकडे." प्रत्येक विषयाची सुटण्याची वेळ सभेत सांगितलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

विदर्भवासी

आमच्या भाऊंच्या शाळेत तर सरांनी सांगितलं होतं की दहाला गेट बंद, सव्वादहाला प्रश्नपत्रिका, पंधरा मिनिटं फक्त वाचायची, साडेदहाला लिहायला सुरुवात. त्यामुळे तुम्ही सगळे साडेदहा काय म्हणताय ते कळेना. मुलांना उशिरा पाठवू नका.

पर्यवेक्षक

@विदर्भवासी, भाऊंची मुलं सीबीएसईला असणार. तिथे तसंच आहे. राज्य मंडळात पूर्वी दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका मिळायची, ती सवलत २०२३ च्या परीक्षेपासून बंद झाली. त्या दहा मिनिटांत पेपर मोबाईलवरून बाहेर फिरायचा, हे कारण होतं. त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवली. म्हणून तीन तासांचा पेपर दोन वाजून दहाला आणि दोन तासांचा एक वाजून दहाला संपतो.

मी बरीच वर्षं ब्लॉकवर उभा राहतो. अकराच्या आधीच्या अर्ध्या तासाबद्दल मुख्याध्यापक पालकांना काही सांगत नाहीत, म्हणून त्यांना तो फुकट जातो असं वाटतं. त्या वेळात उत्तरपत्रिका वाटून होतात. मूल पहिल्या पानावर बैठक क्रमांक आकड्यात आणि अक्षरात लिहितं, बारकोडचं स्टिकर लागतं, सह्या होतात. पंचवीस प्रश्नपत्रिकांचं बंद पाकीट वर्गातच उघडतात, ते सीलबंद होतं याची खात्री म्हणून दोन मुलांची सही घेतात. हे सगळं चालू असताना धापा टाकत आलेलं मूल बैठक क्रमांकात आकडा चुकवतं. घाईचं मूल ओळखायची माझी खूण एकच: ते अक्षरी क्रमांक लिहिताना मान वर करून प्रवेशपत्र शोधतं.

वागणुकीबद्दल सभेत "कॉपी करू नका" एवढंच म्हणतात. त्यावर कोणता पालक नाही म्हणेल? खरं सांगायला हवं ते वेगळंच. बंद मोबाईलही गैरमार्गच. स्मार्ट घड्याळही नको. साधं काट्याचं घड्याळ घाला, कारण भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसेलच असं नाही. पट्टीवर, प्रवेशपत्राच्या मागे, तळहातावर काही लिहिलेलं नको, अगदी देवाचं नावही नको. उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव, परीक्षकाला विनंती, "पास करा हो" हे लिहिणंसुद्धा गैरमार्गात धरलं जातं, आणि हे बहुतेक मुलांना माहीत नसतं. आणि बाकाखाली चिठ्ठी दिसली तर पायाने सरकवायची नाही. हात वर करून सांगायचं. भरारी पथक आत आल्यावर "माझी नाही" म्हणण्याला फार किंमत उरत नाही. पकडलं गेलं की उत्तरपत्रिका ताब्यात, लेखी जबाब, निकाल राखून ठेवला जातो आणि पुढची सुनावणी विभागीय मंडळात.

घाटमाथा

आमच्या गावातली शाळा केंद्र नाही. केंद्र तालुक्याला. सरांनी सभेत फार छान केलं, प्रत्येक वाडीतल्या पालकांना हात वर करायला लावून किती मुलं कोणत्या एसटीने येणार ते फळ्यावरच लिहून काढलं. लक्षात आलं की एका वाडीची पहिली एसटी वेळेत पोचतच नाही. मग तिथल्या पालकांनी वर्गणीने जीप ठरवली. ड्रायव्हरला परतीची वेळही विषयवार लिहून दिली. पालकांचे फोन नंबर केंद्राजवळ राहणाऱ्या एका पाहुण्याकडे ठेवले, कारण मुलांकडे फोन नाही.

पण सर एका बाबतीत फारच कडक बोलले. म्हणाले, केंद्राच्या कुंपणावर चढलेला पालक दिसला तर मी स्वतः पोलिसांना बोलावीन. सभेत काही बाप हसले. सरांनी त्यांना १९८२ च्या कायद्याचं नाव सांगितलं, परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. तो मुलांपुरता नाही, बाहेरून मदत करणाऱ्यांनाही लागतो. हसणं तिथल्या तिथे थांबलं.

गोड गोड

आमच्या वेळी गुणवत्ता यादी लागायची, वर्तमानपत्रात फोटो यायचे. मुख्याध्यापक सभेत यादीत येणाऱ्या मुलांची नावं आधीच सांगायचे! आता ती मजा गेली. कोणाला फोटोंची कात्रणं हवी असतील तर माझ्याकडे आहेत.

उंबरठा

@गोड गोड, कात्रणांचा स्वतंत्र धागा काढा ना. इथे मला हॉल तिकीट हरवलं तर काय ते विचारायचंय. आमचे सर म्हणाले, हरवलं की परीक्षा संपली.

साखरवाडी

आमच्याकडेही तेच म्हणाले होते. घाबरवायला म्हणतात बहुतेक.

जुना खडू

घाबरवायलाच म्हणतात, पण खरं नाही. प्रवेशपत्र शाळेनेच ऑनलाइन काढलेलं असतं, मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याचं. हरवलं तर शाळा पुन्हा छापून त्यावर लाल शाईने 'द्वितीय प्रत' असा शेरा मारून देते. पेपरच्या सकाळी दहाला शाळेकडे पळायची वेळ येऊ नये म्हणून मी सभेत पालकांना एक झेरॉक्स घरी ठेवायला सांगायचो. आणि प्रवेशपत्र हातात पडल्याच्या दिवशीच नाव, विषय आणि माध्यम वाचा. माध्यम चुकलेलं मी पाहिलं आहे. ते आधी कळलं तर शाळेमार्फत दुरुस्त होतं. पेपरच्या दिवशी कळलं तर सगळ्यांची धावपळ.

निळी शाई

माझ्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे. मुख्याध्यापकांच्या भाषणात आमच्यासारख्यांचा एक शब्दही नव्हता, म्हणून सभा संपल्यावर थांबून विचारलं. सवलत तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. लेखनिक घेतला तर तो खालच्या इयत्तेचा लागतो, आणि या सगळ्याला विभागीय मंडळाची मंजुरी शाळेमार्फत आधीच घ्यावी लागते. ते पत्र पहिल्या दिवशी केंद्रावर दाखवलं की काम झालं असं आम्हाला वाटलं, पण दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षक वेगळे, त्यांनी पुन्हा मागितलं. तेव्हापासून पत्राची प्रत रोज प्रवेशपत्रासोबत.

शिवाय आमचा रिक्षावाला बाकीच्या मुलांना घेऊन निघून जायचा, कारण माझा मुलगा तासभर उशिरा सुटायचा. मग मी वेगळी सोय केली. ही गोष्ट सभेत नुसती उच्चारली असती तरी दोन-तीन पालक एकत्र आले असते.

पर्यवेक्षक

@निळी शाई, बरोबर. आणि एक भर. परीक्षेच्या तोंडावर हात मोडला तरी लेखनिक मिळू शकतो, डॉक्टरांच्या दाखल्यासह लगेच शाळेला कळवायचं. पेपरच्या सकाळी नव्हे.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. एकच गोष्ट अजून कळत नाही. साडेदहानंतर आलं तर आत घेतात की नाही? सभेत सर म्हणाले, "मुळीच नाही." पुतणीला पावणेअकराला घेतलं होतं.

घाटमाथा

आमच्या केंद्रावर अकराच्या जरा आधीपर्यंत घेतलं, वहीत कारण लिहून घेऊन.

जुना खडू

केंद्रसंचालक परिस्थिती पाहून ठरवतात असा माझा अनुभव. एकदा पुलावर वाहतूक अडली तेव्हा एका टेम्पोतली सगळी मुलं घेतली. एकट्या उशिरा आलेल्याला मात्र बरेच प्रश्न विचारले. मी सभेत "मुळीच नाही" असंच म्हणायचो, आणि पुढेही तसंच म्हणेन.

पर्यवेक्षक

मला हे पटत नाही. पालकांना खरं सांगावं. "नाही" म्हटलं की पावणेअकराला आलेलं मूल गेटवरूनच परत जातं, विचारतसुद्धा नाही. असं एक मूल मी पाहिलंय.

उंबरठा

उद्या शाळेत जाऊन पुन्हा विचारते. केंद्र आमचंच नाही, त्यामुळे केंद्रसंचालकांचं नावही हवंच आहे. जे सांगतील ते इथे लिहीन.