‘राहूनच गेला’ला इंग्रजीत ‘आय’ लागतो

> ‘अगं सॉरी ना, काल तुला फोन करायचा राहूनच गेला. रागावलीस का?’ याचं इंग्रजी फारच औपचारिक होतंय.

‘सॉरी’साठी ‘आय अपॉलोजाइज’ लिहिलं असेल तर ते काढून टाकायला हवंच, पण खरी गोम ‘राहूनच गेला’मध्ये आहे. मराठीत इथे कर्ता ‘फोन’ आहे, ‘मी’ नाही, तरी मैत्रिणीला ते टाळाटाळीचं वाटत नाही. इंग्रजीत मात्र ‘द कॉल गॉट मिस्ड’ म्हटलं की अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे ‘आय’ आणावाच लागतो. खरंच विसरला असाल तर ‘आय टोटली फर्गॉट टु कॉल यू’. लक्षात होतं पण जमलं नाही, तर ‘आय मेंट टु कॉल यू येस्टरडे अँड जस्ट डिडन्ट’. मराठीत दोन्हींना ‘राहूनच गेला’ चालतं, इंग्रजीत आधी ठरवावं लागतं.

‘अगं’ला शब्द शोधू नका, इंग्रजीतलं ‘हे’ पुरे. ‘ना’मधली अजिजी ‘सो’ने येते. मी पाठवलं असतं ते असं: ‘हे, आय अ‍ॅम सो सॉरी, आय टोटली फर्गॉट टु कॉल यू येस्टरडे. यू मॅड अ‍ॅट मी?’ शेवटी मुद्दाम ‘आर’ गाळलाय. ‘आर यू अँग्री विथ मी?’ लिहिलं की लाडिक प्रश्नाची चौकशी होते.