एक वर्ष झालं, आता तपासणीला जातोय. पाळीच्या कोणत्या नोंदी नेऊ?

सायली_सातारा
नमस्कार. मी 31, नवरा 34. बाळासाठी प्रयत्न सुरू करून 14 महिने झाले. हे पुण्याला नोकरीला, शुक्रवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. मोबाइलच्या ॲपमध्ये 14 वा दिवस दाखवतात, त्याच्या आसपास हे रजा टाकूनसुद्धा आले आहेत. एप्रिलमध्ये इथल्या एका दवाखान्यात 21 व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची तपासणी केली, 0.7 आलं. "अंडं तयारच होत नाही" असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. अजून सुरू केल्या नाहीत. 5 मे रोजी दुसऱ्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. तिथे काय काय न्यावं? आणि आपण उशीर केला का, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

गौरीची_आई
उशीर वगैरे काही नाही गं. एक वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कुणी जाऊच नये, उगाच तपासण्यांच्या मागे लागतात. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की तिथून दिवस मोज, दहावा ते चौदावा दिवस धर. आमच्या घरात सगळ्यांचं असंच झालं.

नंदा_सिस्टर
मी वंध्यत्वाच्या ओपीडीत पेशंटची माहिती लिहून घेते, बरीच वर्षं झाली. गौरीच्या आई, वर्ष थांबायचं हे पस्तिशीच्या आतल्या बाईसाठी बरोबर आहे, तेही पाळी नियमित असेल तर. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांत यावं, चाळिशीनंतर लगेच. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पूर्वी टीबी झाला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पाळीत असह्य दुखत असेल, तर कॅलेंडरकडे बघत बसू नये.

दिवस मोजण्याचं मात्र तुमचं चुकतंय. पहिला दिवस म्हणजे अंगावर नीट जायला लागतं तो. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर तो धरायचा नाही, वेगळा लिहायचा. आमच्याकडे निम्म्या बायका डोकं धुतल्यापासून मोजतात आणि सगळ्या तपासण्या तीन-चार दिवसांनी सरकतात.

सायली, गोळ्यांचं नंतर बघू. आधी मागच्या चार पाळ्यांच्या पहिल्या दिवसाच्या तारखा सांग. ॲपमधल्या नकोत, खरोखर आलेल्या.

सायली_सातारा
सासूबाई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितात, त्याच पानावर मी पेन्सिलीने बारीक टिंब करते. आत्ता पानं उलटून पाहिली. 7 जानेवारी, 11 फेब्रुवारी, 17 मार्च, 22 एप्रिल.

नंदा_सिस्टर
हे टिंबच तुझी सगळ्यात मोलाची नोंद आहे. 7 जानेवारी ते 11 फेब्रुवारी 35 दिवस, पुढे 34, मग 36. म्हणजे पाळी नियमित आहे, फक्त लांब आहे. अंडं बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत साधारण दोन आठवडे जातात. चक्र लांबतं ते बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या भागात. 22 एप्रिलपासून दोन आठवडे मागे ये, 8 एप्रिलच्या आसपास अंडं सुटलं असेल. तुझं रक्त कधी घेतलं? 17 मार्चपासून 21 वा दिवस म्हणजे 6 एप्रिल. प्रोजेस्टेरॉन अंडं सुटल्यावर वाढतं, त्या दिवशी ते अजून वाढायचं बाकी होतं. त्या आकड्यावरून अंडं तयार होत नाही असं म्हणता येत नाही. होतंच, असंही मी म्हणणार नाही, तपासणी परत करावी लागेल.

21 वा दिवस हा 28 दिवसांच्या पाळीसाठी आहे. खरा नियम, पुढच्या पाळीच्या सुमारे एक आठवडा आधी. तुझी पुढची पाळी 26 ते 28 मेच्या दरम्यान अपेक्षित, म्हणजे 19 ते 21 मेला रक्त द्यायचं. त्यानंतर आठवड्यात पाळी आली नाही तर एकदा पुन्हा. आकडा 3 च्या वर गेला तर अंडं सुटलंय असं समजतात. रिपोर्टवर चक्राचा कितवा दिवस होता ते स्वतःच्या हाताने लिही आणि पुढची पाळी आली की ती तारीखही.

सायली_सातारा
म्हणजे आम्ही 14 वा दिवस धरून... ॲपमध्ये सुरुवातीला 28 भरलं होतं ते तसंच राहिलं.

नंदा_सिस्टर
हो. मार्चच्या चक्रात 14 वा दिवस 30 मार्चला येतो. गर्भ राहण्याचे दिवस अंडं सुटण्याच्या आधीचे पाच आणि तो एक. तुझ्यासाठी ते साधारण 3 ते 8 एप्रिल होते. हे रजा टाकून आले ते तीन-चार दिवस आधी आले. याच्यात तुमचा दोष काही नाही.

म्हणून एक नोंद आणखी कर, बायका ती लाजून देत नाहीत. दोघं कोणत्या तारखांना एकत्र होता ते त्याच कागदावर खुणेने लिही. 14 महिन्यांतले नेमक्या दिवसांत किती सापडले, ते डॉक्टरांना तेव्हाच कळेल.

माधव_ना
थोडं पुरुषांच्या बाजूने. माझ्या बायकोच्या आठ महिने तपासण्या झाल्या, नळ्यांचा एक्स-रेसुद्धा झाला, तोवर माझी वीर्यतपासणी कुणी सांगितली नाही आणि मीही विचारलं नाही. केली तेव्हा संख्या फार कमी निघाली. मग आठवलं, दीड महिन्यापूर्वी टायफॉइडचा मोठा ताप येऊन गेला होता. तीन महिन्यांनी परत केली, बरीच सुधारली होती. त्यामुळे यांना तीन महिन्यांत मोठा ताप आला असेल तर लिहून न्या. संबंध न ठेवता दोन ते सात दिवस झालेले असावेत आणि नमुना घरून नेत असाल तर तासाभरात, खिशात अंगाच्या उबेला ठेवून. तपासणी साधी आहे, पहिल्याच भेटीत मागा.

प्राची_डोंबिवली
मलाही 35 दिवसांनीच येते! गणपतीत पाळी येणार आहे, पुढे ढकलायची गोळी घेतली तर चालेल का?

नंदा_सिस्टर
प्राचीताई, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथून सांगता येणार नाही. पण सायली, बरं आठवलं. मागच्या गौरी-गणपतीत किंवा कुणाच्या लग्नात तू तशी गोळी घेतली असशील तर त्या महिन्यावर फुली मार. ते चक्र तुझं नव्हे, गोळीचं. आणि केसांसाठी बायोटिन घेत असशील तर लॅबला सांग, काही हार्मोन तपासण्यांचे आकडे त्याने चुकतात.

गौरीची_आई
चौथ्या दिवसाचं मला खरंच माहीत नव्हतं. धाकट्या जावेला सांगते, ती 37 ची आहे आणि वर्ष व्हायची वाट बघतेय.

शाल्मली_के
लघवीच्या पट्ट्यांनी अंदाज घेतला तर? मला पीसीओएस आहे, पट्टी आठवडाभर गडदच दिसते, काही कळत नाही.

नंदा_सिस्टर
पीसीओएसमध्ये तसं होतं, तुमच्यासाठी त्या फसव्या. सायलीने 17 व्या दिवसापासून, म्हणजे 8 मेपासून, रोज एक करावी. चाचणीची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा जास्त गडद झाली की पुढच्या दीड दिवसात अंडं सुटण्याची शक्यता. पट्टीचा फोटो तारखेसकट ठेव.

सायली_सातारा
कॅलेंडरची चारही पानं सासूबाईंना विचारून फाडून घेतली. का हवीत ते सांगितलं, त्यांनी एप्रिलच्या पानावरचा दुधाचा हिशोब तेवढा वहीत उतरवून घेतला. यांना वीर्यतपासणीचं बोलले तर म्हणाले, "आधी तुझे रिपोर्ट येऊ देत." माधवदादा, तुमचा अनुभव त्यांना पाठवलाय. अजून उत्तर नाही.