गोळी चालू असताना वाढलेला कॅल्शियम स्कोअर

> दोन वर्षं स्टॅटिन घेऊनही बाबांचा स्कोअर 110 चा 150 झाला. गोळी लागू पडत नाहीये का?

एवढ्यावरून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या गोळीला दोष देऊ नका. हा स्कोअर हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा. तो आकडा निघतो कसा ते बघा. सीटीच्या प्रत्येक कापात उजळपणा मोजायच्या हाउन्सफील्ड एककात 130 च्या वर उजळलेल्या ठिपक्याचं क्षेत्रफळ घेतात आणि त्यातल्या सर्वांत उजळ बिंदूनुसार त्याला 1 ते 4 ने गुणतात. तो बिंदू 200 ते 299 मध्ये असेल तर 2 ने, 300 ते 399 मध्ये असेल तर 3 ने. समजा 10 चौरस मिलिमीटरचा ठिपका आधी 290 होता, तर गुण 20. तोच ठिपका, तेवढाच, पुढच्या वेळी 310 भरला की गुण 30. आकार तसूभरही वाढला नाही, आकडा मात्र दीडपट! स्टॅटिनने बऱ्याचदा असंच होतं: धमनीतला मऊ थर आकसून घट्ट, चुनखडीसारखा होतो, आणि असा थर फुटण्याची शक्यता उलट कमी असते. म्हणून गोळी सुरू झाल्यावर हा स्कॅन परत परत करण्यात फारसा अर्थ नसतो (आमच्याकडच्या लॅबच्या पॅकेजांत तो दरवर्षी असतो, ते सोडा). औषधाचा परिणाम एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर बघा.

मुळातला 110 मात्र हलका घेऊ नका. शंभराच्या वर गेल्यावर स्टॅटिन सहसा सुचवतातच. आणि 150 म्हणजे अमुक टक्के ब्लॉकेज असं नव्हे. धमनी किती अरुंद झालीय हे या तपासणीत दिसतच नाही. बाबांना चालताना छातीत दडपण येत असेल तर स्कोअर बाजूला ठेवून लगेच हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा.